दप्तर देणारा हात आणि फोटोतले मूल

जून महिना आला की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांवर दप्तरे येतात. सोबत वह्या येतात, कधी छत्र्या येतात. एक गाडी येते, तिच्यातून चार माणसे उतरतात, मुलांना रांगेत उभे केले जाते आणि प्रत्येक मुलाच्या हातात दप्तर देताना एक फोटो निघतो. दप्तरावर कंपनीचे, दुकानाचे किंवा बांधकाम व्यावसायिकाचे नाव छापलेले असते, आणि ते नाव कॅमेऱ्याकडे येईल असे दप्तर धरायला मुलाला सांगितले जाते. संध्याकाळी ते फोटो त्या ब्रँडच्या पानावर चढतात. खाली वाडीचे नाव, शाळेचे नाव, ‘आदिवासी विद्यार्थ्यांना मदतीचा हात’ अशी ओळ आणि दहा हॅशटॅग.

याला समाजसेवा म्हणायचे की जाहिरात? आमचे उत्तर सरळ आहे. ज्या फोटोत विक्रेत्याचे नाव वाचता येईल अशा रीतीने मुलाला उभे केले आहे, जो फोटो विक्रेत्याच्या पानावर आहे आणि जो त्या विक्रेत्याबद्दल चांगले मत तयार करण्यासाठी टाकला आहे, ती जाहिरात आहे. मग जाहिरातीतल्या मुलाला जे नियम लागू व्हायला हवेत, ते त्या कातकरी मुलालाही लागू व्हायला हवेत. मुंबईत बिस्किटाच्या जाहिरातीत काम करणाऱ्या मुलाचे आईबाप करार करतात, मानधन घेतात, चित्रीकरणाच्या वेळी जवळ बसतात. वाडीवरच्या मुलाच्या आईबापाला कोणी विचारलेलेसुद्धा नसते. मोबदला काय, तर दप्तर. आणि दप्तर तर मदत म्हणून आले होते ना? मदत असेल तर तिची किंमत चेहऱ्याने का वसूल करता?

मुलांना ब्रँडच्या पोस्टमध्ये आणूच नये, असे आमचे म्हणणे नाही. उलट आपल्या मुलांचे चेहरे दिसलेच पाहिजेत. शाळेच्या बुटांच्या, दुधाच्या, सायकलीच्या जाहिरातींत जी मुले दिसतात, त्यांत आपल्या वस्तीतले मूल शोधून सापडत नाही. ते सापडते फक्त घेणाऱ्याच्या जागी, हात पुढे केलेले. वस्तू वापरणारा, आनंद घेणारा मुलगा दुसऱ्याच्या घरचा आणि दान घेणारा मुलगा आपल्या घरचा, ही वाटणी आपण मान्य करायची का? म्हणून प्रश्न चेहरा दाखवण्याचा किंवा झाकण्याचा नाही. चेहरा कोणत्या नात्याने दिसतो, कोणाच्या परवानगीने दिसतो आणि तो दिसल्यावर मुलाला कोणता धोका होतो, हे तीन प्रश्न आहेत.

आधी परवानगीचे बोलू. वाड्यांवर काम करताना आम्हाला संमतीचे जे कागद पाहायला मिळतात, ते बहुतेक वेळा शाळेच्या लेटरहेडवरचे असतात. मुख्याध्यापकांची सही, शिक्का, आणि ‘शाळेची हरकत नाही’ एवढे एक वाक्य. यात मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांना दप्तरे हवी असतात आणि देणाऱ्याला नाराज करून चालत नाही. पण मुख्याध्यापक हे पालक नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि मुलाची वैयक्तिक माहिती वापरण्याआधी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितले आहे. ज्यावरून मूल ओळखू येते तो फोटो ही वैयक्तिक माहितीच आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोपर्यंत थांबायचे कारण नाही. घरातला माणूस घरच्यांसाठी आपल्या मुलाचा फोटो टाकतो, त्याला हा कायदा लागत नाही. दुकानाच्या पानावर दुकानासाठी टाकलेला फोटो मात्र घरगुती राहत नाही, मग तो दुकानदाराच्या स्वतःच्या पोराचा का असेना.

आता खरी अडचण. दिवाळीनंतर या वाड्यांतली किती तरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतणे नाही. मागे आजी असते, मोठी बहीण असते. हिवाळ्यात चादरी वाटायला आलेल्या गाडीसमोर आजीचा अंगठा घेतला जातो. आजीला कळते ते एवढेच, की अंगठा दिला की चादर मिळते. तो फोटो कुठे जाणार, किती वर्षे राहणार, कोण बघणार, यातले काही तिला सांगितलेले नसते. सांगायचे म्हटले तरी तिने ते पान कधी पाहिलेले नसते. याला संमती म्हणणे म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठा खरा मानणे. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. कुलाबा आणि रत्नागिरीत खोताच्या ओटीवर कुळांचे अंगठे असेच उठत होते, आणि बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच भागातल्या माणसांसाठी. ज्याच्यावर आपले पोट अवलंबून आहे त्याला ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर ‘हो’ लाही किंमत नसते.

म्हणून संमती खरी की खोटी हे कागद पाहून कळत नाही. ते कळते नकार देणाऱ्या मुलाचे काय झाले यावरून. एका वाटपाच्या वेळी एका आजीने आमच्या कार्यकर्तीला हळूच विचारले होते, “फोटो नाही काढला तर दप्तर देतील का गं?” हा प्रश्न ज्या वाटपात कोणाच्याही मनात येतो, तिथली सगळी संमती बाद. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. वाटप आणि फोटो यांचे दिवस वेगळे करा. आधी सगळ्यांना दप्तरे द्या, एकही मोबाईल वर काढू नका. नंतरच्या आठवड्यात, दप्तर घरात असताना, ज्या आईबापांना वाटेल त्यांच्याकडे फोटोचे विचारायला या. तेही सरपंच, मुकादम किंवा शिक्षक यांना पुढे न करता. मग किती जण ‘हो’ म्हणतात ते बघा. जे म्हणतील त्यांची संमती खरी. आणि कोणीच म्हटले नाही, तर दप्तरांच्या ढिगाचा फोटो टाका. कंपनीच्या अहवालाला तेवढा पुरतो.

बालगृहांच्या बाबतीत तर विचारायलाही जागा नाही. हल्ली दुकानाच्या वर्धापनदिनाला बालगृहात केक कापायचा आणि मुलांसोबतचे फोटो पानावर टाकायचे, अशी पद्धत पडली आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो कोणत्याही माध्यमात देता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. केक न्या, फोन बाहेर ठेवा.

पेणचे म्हणून आणखी एक सांगायला हवे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत आणि आता बहुतेकांची इन्स्टाग्रामवर पाने आहेत. त्यांच्यासाठी चालणारा हमखास फोटो म्हणजे हातात ब्रश घेतलेला सात-आठ वर्षांचा मुलगा आणि वर ओळ, ‘तिसऱ्या पिढीच्या हाती वारसा’. बघणाऱ्याला गोड वाटतो. आम्हाला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, हा फोटो खरा असेल तर तो कामाचा पुरावा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्यावर बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला सूट ठेवली गेली, धोकादायक काम सोडून. या सुटीवर तेव्हा टीका झाली ती याच कारणाने, की बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधण्याची जुनी रीत तिने कायद्यात शिल्लक ठेवली. दुसरी गोष्ट, जातीची व्यवस्था हे काम वाटून घेणे नसून काम करणाऱ्यांनाच जन्माने वाटून टाकणे आहे, हे आपण १९३६ पासून वाचत आलो आहोत. मग सात वर्षांच्या मुलाच्या कपाळावर धंदा लिहिणारी पोस्ट बघून आपण लाईक कसे करतो? कारखानदाराला आपल्या मुलाचा फोटो टाकायचाच असेल तर तो मूर्तीशेजारी उभा असलेला, खेळणारा, शाळेतून आलेला असू दे. हातात स्प्रे-गन, तोंडावर रंगाचा धूर आणि वर ‘वारसा’ हा शब्द, हे नको.

आता दुसऱ्यांकडे बोट दाखवून झाले. आपल्याकडे वळू.

गेल्या काही वर्षांत आपल्या पोरांनी छोटे छोटे ब्रँड काढले आहेत. निळे टी-शर्ट, अशोकचक्राच्या फ्रेम, डायऱ्या, बुद्धमूर्ती, पुस्तकांचे ऑनलाईन स्टॉल. याचा आम्हाला आनंद आहे. १४ एप्रिल जवळ आला की या पानांवर सूट-चष्मा घातलेली, हातात संविधान धरलेली लहान मुले दिसू लागतात. बहुतेक फोटो ग्राहकांनी पाठवलेले असतात किंवा मिरवणुकीतून उचललेले असतात. उचलणारा म्हणतो, “आपलाच तर माणूस आहे, काय विचारायचे?” आपला माणूस आहे म्हणूनच विचारायचे. कारण त्या फोटोखाली काय लिहिले जाते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. जयंतीच्या आठवड्यात जातीवाचक शिव्या देणारी खोटी खाती मूल की मोठे असा भेद करत नाहीत. बिस्किटाच्या जाहिरातीतल्या मुलाला हा धोका नसतो. आपल्या मुलाला तो असतो. म्हणून आपल्या ब्रँडने इतरांपेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी.

समजा, पेणमधल्या एका तरुणाचा टी-शर्टचा ब्रँड आहे. त्याला लहान मापाचे शर्ट विकायचे आहेत आणि शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन चार फोटो आणि वीस सेकंदांचे एक रील करायचे आहे. त्याने काय करावे?

मार्चच्या मध्यावर, घाई नसताना, त्याने तिच्या घरी जावे. मोबाईलवर आपले पान उघडून आईच्या हातात द्यावे. जुन्या पोस्ट दाखवाव्यात, किती लोक बघतात ते सांगावे आणि मागच्या जयंतीला आलेल्या घाणेरड्या कमेंटही दाखवाव्यात. हे करायला धीर लागतो, कारण आई नकार देईल. देऊ दे. ज्या आईने त्या कमेंट वाचूनही ‘हो’ म्हटले, तिलाच कशाला होकार दिला ते माहीत आहे. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: पोस्ट काढून टाकता येते, पण दरम्यान कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो परत आणता येत नाही. आईवडील दोघेही असतील तर दोघांना विचारावे. कायद्याला एकाची संमती पुरते, पण एकाचा विरोध असताना दुसऱ्याच्या सहीवर पोस्ट टाकणे म्हणजे त्या घरात भांडण लावून येणे आहे.

मग एक पानी कागद, मराठीत, दोन प्रती. त्यावर मोघम काही नको. ‘प्रसिद्धीसाठी फोटो वापरण्यास संमती’ हे वाक्य सगळीकडे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ ‘काहीही करा’ असा होतो. त्याऐवजी लिहावे: चार फोटो आणि एक रील. ब्रँडच्या इन्स्टाग्राम आणि फेसबुक पानावर, दुसरीकडे कुठेही नाही. फ्लेक्सवर नाही, विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, दुसऱ्या ब्रँडला देणे नाही. १ एप्रिल ते ३१ मे. पैसे भरून पोस्ट पुढे ढकलायची असेल तर त्याची परवानगी वेगळी, कारण तेव्हा ती पोस्ट ओळखीच्या वर्तुळाबाहेर हजारो अनोळखी लोकांसमोर जाते. मानधन किती आणि कधी. आणि सर्वांत महत्त्वाचे, आई किंवा वडील यांच्यापैकी कोणाचाही साधा संदेश आला की चोवीस तासांत सगळे काढून टाकायचे, कारण विचारायचे नाही आणि दिलेले पैसे परत मागायचे नाहीत. २०२३ च्या कायद्याचेही म्हणणे हेच आहे की संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणे सोपे हवे. पैसे परत मागण्याची अट घातली की संमती मागे घेणे गरिबाला परवडत नाही.

मानधनाबद्दल आपल्या लोकांना संकोच वाटतो. “चळवळीचे काम आहे, पैसे कसले?” टी-शर्ट तीनशे-चारशेला विकतो आहेस, मग ते धंद्याचे काम आहे. बालकामगार कायदा जाहिरातीत काम करणाऱ्या मुलाला कलाकार मानतो आणि त्याच्या नियमांत, म्हणजे २०१७ साली सुधारलेल्या नियमांत, अटी आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडवायची नाही, मुलाच्या इच्छेविरुद्ध काही करायला लावायचे नाही, आणि मिळालेल्या पैशातले किमान वीस टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. दहा हजार ठरले तर दोन हजार मुलाचे, त्याला बापानेही हात लावायचा नाही. चित्रपट-जाहिरातीच्या निर्मात्याने यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्याकडे अलिबागची, आधी परवानगी घ्यायची असते. मानधन, ठरलेली पटकथा आणि कॅमेरावाल्यांचा ताफा असेल तर तो अर्ज करावा. चार फोटोंच्या छोट्या कामात दीड-दोन हजारच ठरत असतील, तर सगळीच रक्कम मुलीच्या बँक खात्यात भरावी. ती मोठी होईल तेव्हा तिच्या चेहऱ्याचे पैसे तिला मिळाले होते, एवढी नोंद तरी राहील.

फोटोच्या दिवशी आई समोर हवी. दुसऱ्या खोलीत चहा करत नव्हे, समोर. मुलगी घरूनच तो शर्ट घालून यावी, म्हणजे कपडे बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. मुलीला आपण काय करतो आहोत ते तिच्या भाषेत सांगावे आणि “नको वाटले तर आईचा हात धर, आम्ही लगेच थांबू” असे ठरवून घ्यावे. मूल तोंडाने नाही म्हणत नाही. ते आईच्या मागे जाते, पाणी मागते, सारखे बाथरूमला जायचे म्हणते, हसू कॅमेऱ्यापुरते आणते आणि लगेच चेहरा पाडते. दोनदा असे झाले की त्या दिवशी काम बंद. आईची सही आहे म्हणून मुलीचा कंटाळा रद्द होत नाही. फोटोग्राफरने सगळे मूळ फोटो सोपवून आपल्या कार्डातून आणि लॅपटॉपमधून पुसायचे, हेही आधी ठरवलेले असावे. नाहीतर वर्षभराने तोच फोटो त्याच्या स्टुडिओच्या जाहिरातीत दिसतो आणि मग कोणाला धरणार?

आता सुरक्षेच्या मर्यादा. आईने परवानगी दिली तरीही ज्या ओलांडायच्या नाहीत, त्यांना मर्यादा म्हणायचे. मुळात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे: एकटा चेहरा सहसा कोणाला दारापर्यंत आणत नाही, चेहरा, नाव, शाळा आणि ठिकाण एकत्र आले की आणतो. म्हणून नाव द्यायचे नाही, निदान चेहऱ्यासोबत नाही. शाळेचा गणवेश, ओळखपत्र, वहीवरचे नाव, मागचा विहाराचा फलक, एस.टी. थांब्याची पाटी, गाडीचा नंबर, यातले काही चौकटीत नको. साध्या भिंतीपुढे फोटो काढला की निम्मी काळजी मिटते. ठिकाण टॅग करायचे नाही. क्लास, विहार किंवा शिबिर चालू असताना तिथून लाईव्ह करायचे नाही. मुले घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी टाकावे. आईच्या खात्याला टॅग करू नये, कारण तिच्या खात्यावर मुलीचे नाव, शाळा, वाढदिवस सगळे असते. काही जण चेहऱ्यावर हसरे चित्र चिकटवतात आणि काळजी घेतली असे मानतात. मागे शाळेचे नाव आणि खाली वाडीचे नाव ठेवले तर त्या चित्राने काहीच झाकले नाही. अंघोळीचे, झोपेचे, आजारपणाचे, रडण्याचे फोटो तर ब्रँडने विकत दिले तरी घेऊ नयेत.

कमेंट बंद ठेवाव्यात. पूर्ण बंद. शिव्यांचे शब्द गाळणारी सोय इन्स्टाग्रामवर आहे, पण मराठीतल्या जातीवाचक शिव्या लोक शंभर तऱ्हांनी लिहितात आणि त्या निसटतात. रील डाऊनलोड करण्याची आणि त्यावर दुसरे रील बनवण्याची परवानगी सेटिंगमधून काढून टाकावी. यामुळे पोस्ट कमी पसरेल, हे खरे आहे. तेवढी किंमत ब्रँडने मोजावी, मुलीने नाही. पैसे भरून जाहिरात करायची ठरलीच तर ती अठरा वर्षांवरच्या लोकांनाच दिसेल असे ठेवावे. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला २०२३ चा कायदा मनाई करतो, आणि शर्ट विकत घेणारी तर आईच असते.

एवढे सगळे करूनही एखादा फोटो चोरला जाऊ शकतो. कोणी तो दुसऱ्या पानावर टाकला, त्याच्याशी घाण छेडछाड केली, खाली शिव्या लिहिल्या, तर पहिले काम भांडण नव्हे. पोस्टचा दुवा, खात्याचे नाव आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, मग ॲपमध्ये तक्रार करावी आणि cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी. मुलाला धोका वाटत असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. मात्र अश्लील छेडछाड केलेला फोटो ‘बघा काय चालले आहे’ म्हणून आपल्या ग्रुपवर फिरवू नये. आपले कार्यकर्ते रागाच्या भरात नेमके हेच करतात. त्याने अपमान शंभर मोबाईलपर्यंत पोहोचतो आणि तसे चित्र पुढे पाठवणे हा स्वतःच गुन्हा आहे. जातीवाचक मजकूर असेल तर तक्रारीत तो शब्दशः लिहावा आणि ॲट्रॉसिटी कायद्याचा उल्लेख करण्याचा आग्रह धरावा.

आक्षेप येईल की एका टी-शर्टच्या पोस्टसाठी एवढा व्याप कोण करणार? ज्याला एवढा व्याप नको त्याने शर्ट खुंटीला टांगून फोटो काढावा, किंवा चित्रकाराकडून एक मूल रंगवून घ्यावे. पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी कोण, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे चर्चा झाली, नागपूरच्या एका बाईंचे नावही फिरले. कंपनीने शेवटी सांगितले की ते एका चित्रकाराने साठच्या दशकात काढलेले चित्र आहे. बिस्किटे तरीही विकली गेलीच. त्या चित्रातल्या मुलीला शाळा नाही, पत्ता नाही, तिला कोणी शोधत येणार नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. आईबापाने पूर्ण समजून परवानगी दिली, पण मूल मोठे झाल्यावर त्याला ते फोटो नको वाटले तर? फ्रान्सने २०२० साली केलेल्या कायद्यात मुलांकडून व्हिडिओ करून घेणाऱ्यांवर बंधने घालतानाच, असा मजकूर काढून टाकण्याची मागणी मूल स्वतः करू शकेल, त्यासाठी पालकांची संमती लागणार नाही, अशी तरतूद केली. आपल्याकडे असे स्पष्ट कलम येईपर्यंत वाट बघायची गरज नाही. कागदावर एक ओळ वाढवता येते: मुलीने स्वतः, कोणत्याही वयात, काढा म्हटले तरी काढू.

आणि ३१ मे ला पोस्ट काढायची म्हणजे काढायचीच. लपवून ठेवायची सोय असते, तिच्यावर समाधान मानू नये. हायलाईटमध्ये राहिलेली स्टोरी, फेसबुकवर आपोआप गेलेली प्रत, जाहिरातीच्या खात्यात पडून असलेले रील, फोनच्या गॅलरीतले आणि क्लाऊडमधले मूळ फोटो, हे सगळे एका बैठकीत तपासायला अर्धा तास लागतो. झाल्यावर आईला एक संदेश पाठवावा की काढले, आणि कागदाच्या दोन्ही प्रतींवर तारीख घालावी.

जून जवळच आहे. तुमच्या वाडीवर, तुमच्या वस्तीत दप्तरांची गाडी येणार असेल तर तिच्या आधी पोहोचा. आयोजकांना विचारा, फोटोचा दिवस वाटपाच्या दिवसापेक्षा वेगळा ठेवणार का? उत्तर काय मिळते ते आम्हाला कळवा. नकार देणाऱ्यांशी बोलायला आम्ही तुमच्यासोबत येऊ.